स्पॉन्सर कोण, डिपेंडंट कोण: अमेरिकेला निघालेल्या घरासाठी चार शब्दांचा हिशेब

२०१० च्या मार्चमध्ये नाशिकहून माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, कंपनी एच-१बी स्पॉन्सर करतेय. फॉर्ममध्ये डिपेंडंट लिहायचेत. आई-बाबांना घालू ना?" त्याला हसण्यात अर्थ नव्हता. आदल्याच आठवड्यात त्यानं ऑफिसच्या मेडिक्लेमचा फॉर्म भरला होता आणि त्यात आई-वडील डिपेंडंटच होते. आपल्याकडे डिपेंडंट म्हणजे ज्याचं आपण बघतो तो. अमेरिकेच्या व्हिसाखात्यात त्या शब्दाचा सांभाळण्याशी काही संबंध नाही. तिथं डिपेंडंट म्हणजे नवरा किंवा बायको आणि एकवीस वर्षांखालचं अविवाहित मूल. बस. आई-बाबा त्यात बसत नाहीत. तुम्ही त्यांचा सगळा खर्च करत असलात तरी नाही.

मी वकील नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वीसेक वर्षं राहतोय, आमचा स्वतःचा प्रवास एच-१बीपासून सिटिझनशिपपर्यंत झालाय आणि नातेवाइकांचे कागद बघण्यात बरेच रविवार गेलेत. गोंधळ फॉर्म भरताना क्वचितच होतो, शब्द समजण्यात होतो, हे त्यातून कळलं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड इथंही हेच शब्द वापरतात, पण त्यांचे नियम वेगळे आहेत. इथं मी फक्त अमेरिकेबद्दल आणि नोकरीच्या वाटेनं आलेल्या कुटुंबाबद्दल बोलतोय.

सुरुवातीला एक कागद घ्या. डावीकडे घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा: नवरा, बायको, मुलं, आणि पुढंमागं येणार असतील तर आई-वडीलही. प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी लिहायच्या. हा माणूस अमेरिकेत कुणाच्या आधारावर असणार, तो आधार कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि तो गेला तर पुढं काय. खाली जे सांगतोय ते वाचत वाचत हा कागद भरत जा.

स्पॉन्सर: एकाच शब्दात तीन माणसं

"स्पॉन्सर कोण आहे?" असं कुणी विचारलं की आधी विचारा, "कशासाठी?" कारण या शब्दाखाली तीन वेगळी कामं येतात.

पहिलं काम कंपनीचं. एच-१बीसाठी सरकारकडे अर्ज कंपनी करते, तुम्ही नाही. कायद्याच्या भाषेत ती पिटिशनर आणि तुम्ही बेनिफिशिअरी. त्यामुळे हा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि राहण्याची मुदत ठरवणारं आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधा, दुसऱ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करा, नाहीतर परत या. बायको-मुलांचंही घड्याळ तेच. (सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेनं देशाबाहेरून नव्यानं येणाऱ्या एच-१बीवाल्यासाठी कंपनीवर एक लाख डॉलरचा भार टाकला, त्यामुळे भारतातून थेट निघणाऱ्यांचं गणितच बदललं. कंपनीनं ऑफर दिली असेल तर या एका गोष्टीवर स्पष्ट उत्तर मागा.)

ग्रीन कार्डासाठीही कंपनीच स्पॉन्सर होते, पण ते वेगळं प्रकरण आहे आणि एच-१बी मिळाला म्हणजे ते आपोआप सुरू होत नाही. त्यात तीन पायऱ्या. आधी कंपनी कामगार खात्याकडून दाखला घेते की या जागेवर योग्य अमेरिकन माणूस मिळाला नाही. याला सगळे पर्म म्हणतात. मग कंपनीनं तुमच्यासाठी करायचा आय-१४० हा अर्ज. आणि शेवटी, आपला नंबर लागला की, आय-४८५ हा प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा अर्ज, जो तुमच्या सहीनं जातो. पर्मची जाहिरात आणि वकिलाचा खर्च कंपनीनंच करायचा, असा २००७ पासून नियम आहे. माझ्या या मावसभावाच्या पहिल्या कंपनीनं (नाव नको) तो खर्च "ट्रेनिंग" या नावाखाली त्याच्या पगारातून सहा महिने कापला. पगाराच्या पावतीवर असा आकडा दिसला तर एचआरला लेखी विचारा. त्यानं तोंडी विचारलं, आणि उत्तरही तोंडीच मिळालं.

दुसरं काम नातेवाइकाचं. मुलगा अमेरिकन नागरिक झाला आणि एकवीस वर्षांवरचा असेल, तर तो आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी आय-१३० हा अर्ज भरू शकतो. ग्रीन कार्डवाला मुलगा हे करू शकत नाही. हे वाक्य मी दरवर्षी किमान चार घरांत सांगतो, आणि समोरच्याचा चेहरा दर वेळी पडतो.

तिसरं काम पैशाच्या हमीचं. आय-८६४ नावाच्या फॉर्मवर सही करणारा माणूस सरकारला लिहून देतो की येणाऱ्याचं उत्पन्न एका पातळीखाली जाऊ देणार नाही. ती पातळी केंद्र सरकार दरवर्षी जाहीर करत असलेल्या दारिद्र्यमर्यादेच्या १२५ टक्के असते आणि घरात माणसं किती त्यावर बदलते. हा करार आहे. येणारा माणूस नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमेपर्यंत, किंवा तो देश कायमचा सोडेपर्यंत किंवा त्याचा मृत्यू होईपर्यंत तो चालू राहतो. नवरा-बायकोत घटस्फोट झाला तरी संपत नाही. म्हणून "फक्त सही कर, नावापुरती" असं कुणी म्हणालं, तर ही सही नावापुरती नसते हे लक्षात ठेवा.

आणि जिथं सगळे स्पॉन्सर म्हणतात पण स्पॉन्सर लागतच नाही, ती जागा म्हणजे आई-बाबांचा फिरायचा व्हिसा, बी-२. मुलाची बँक स्टेटमेंटं, घराचे कागद, पगाराच्या पावत्या अशी जाडजूड फाइल घेऊन लोक मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत जातात. अधिकारी बहुतेकदा ती उघडतही नाही. त्याला एवढंच ठरवायचं असतं की हे दोघं परत येणार की नाही, आणि ते ठरवायला मुलाच्या पगारापेक्षा आई-बाबांचं भारतातलं आयुष्य उपयोगी पडतं: घर, पेन्शन, शेती, दुसरं मूल, आधी केलेला प्रवास. माझ्या मावशीला विचारलं, "परत का याल?" ती म्हणाली, "मे महिन्यात आंबे उतरवायला कोण येणार?" व्हिसा मिळाला. ते उत्तर पाठ करून गेलेली नव्हती.

डिपेंडंट: पासपोर्टची पाच वर्षं आणि एकविसावा वाढदिवस

एच-१बीवाल्याच्या बायको-मुलांना एच-४ मिळतो. एच-४ वर शाळा-कॉलेज करता येतं, गाडी चालवता येते, बँकेत खातं उघडता येतं. पगार घेता येत नाही. अपवाद एक: जोडीदाराचा आय-१४० मंजूर झाला असेल, किंवा त्याचा एच-१बी ग्रीन कार्डाच्या अर्जामुळे सहा वर्षांपुढं वाढला असेल, तर कामाचा परवाना मागता येतो. हा नियम मे २०१५ पासून आहे. त्या वेळी माझी वहिनी नागपूरची नोकरी सोडून पाच वर्षं घरी बसली होती. म्हणून नव्यानं निघणाऱ्या जोडप्यानं नोकरी स्वीकारण्याआधीच कंपनीला विचारावं: पर्म कधी सुरू कराल? "एक वर्षानंतर बघू" आणि "रुजू झाल्यावर सहा महिन्यांत" यांतला फरक बायकोच्या नोकरीच्या वर्षांत मोजला जातो.

आता तारखांकडे. पासपोर्टवरचा व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते आय-९४ ठरवतं, आणि विमानतळावरचा अधिकारी ते तुम्हाला आत घेताना देतो. पूर्वी पासपोर्टला कार्ड टाचून मिळायचं. २०१३ पासून विमानानं येणाऱ्यांसाठी ते संगणकावर गेलं, त्यामुळे आपणहून बघितलं नाही तर कळतच नाही. पत्ता असा:

```
i94.cbp.dhs.gov
```

भावाची मुलगी २००८ च्या १० जूनला जन्मली. भारतात लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. २०१४ च्या जानेवारीत हे तिघं नाशिकहून परत आले. तिघांच्या पासपोर्टवर व्हिसा २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत होता. अधिकाऱ्यानं भावाला आणि वहिनीला सप्टेंबर २०१६ दिला आणि पोरीला ऑगस्ट २०१५, कारण तिचा पासपोर्ट त्या महिन्यात संपत होता. शिक्का मारताना तो हे बोलला नाही आणि यांनी विचारलं नाही. पुढं पासपोर्ट वेळेत नवा करून घेतला आणि सगळं ठीक आहे असं समजून बसले. पण नवा पासपोर्ट आला म्हणून आय-९४ लांबत नाही. सव्वा वर्षानं, २०१५ च्या मेमध्ये, मी सहज म्हणालो की तिघांची पानं उघडून दाखव, आणि तिसरं पान उघडल्यावर आम्ही दोघंही गप्प झालो. अजून तीन महिने होते. मुदत वाढवायचा अर्ज करता आला असता. त्यांनी जूनमध्ये भारताची एक फेरी केली, नव्या पासपोर्टवर परत आले आणि तिचं आय-९४ आई-बापाबरोबर आलं. ऑगस्ट उलटून गेला असता तर हे इतकं सोपं राहिलं नसतं.

म्हणून परदेशातून परत आलात की दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेता घेता, घरातल्या प्रत्येकाचं आय-९४ वेगळं काढा आणि कागदावर तारीख लिहा. एकाचं बघून बाकीच्यांचं तसंच असेल असं धरू नका. आणि लहान मुलाचा पासपोर्ट एक वर्षावर आला असेल तर भारतात असतानाच नवा करून घ्या.

दुसरी तारीख एकविसाव्या वाढदिवसाची. ती तेवढी का महत्त्वाची ते कळायला आधी रांग समजून घ्यावी लागेल.

नोकरीच्या वाटेनं मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला सात टक्क्यांच्या आसपासच वाटा मिळतो. भारतातून अर्ज प्रचंड, म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग लांब. इथं नागरिकत्व बघत नाहीत, जन्माचा देश बघतात. तुम्ही मधल्या काळात कॅनडाचे नागरिक झालात तरी रांग भारताचीच. पण तुमच्या बायकोचा जन्म मस्कतला किंवा दुबईला झाला असेल, वडील तिथं नोकरीला होते म्हणून, तर तिच्या जन्मदेशाच्या रांगेत दोघंही उभे राहू शकता. तिच्या जन्माचा दाखला नीट जपून ठेवा. काही घरांची दहा-बारा वर्षं त्या एका कागदानं वाचली आहेत.

रांगेतली तुमची जागा म्हणजे प्रायॉरिटी डेट. ज्या दिवशी पर्मचा अर्ज गेला तो दिवस. परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात तुमच्या वर्गाच्या आणि भारताच्या चौकटीत एक तारीख असते. तुमची तारीख तिच्या आधीची असेल तर नंबर लागला. २०२५ च्या उन्हाळ्यात ईबी-२, म्हणजे उच्च पदवी लागणाऱ्या नोकऱ्यांच्या, वर्गात भारतासाठी ही तारीख १ जानेवारी २०१३ होती. माझ्या भावाची प्रायॉरिटी डेट ऑगस्ट २०१४ ची आहे. दीड-पावणेदोन वर्षांचंच अंतर दिसतं, पण रांग दर महिन्याला महिनाभर सरकत नाही. कधी सहा महिने जागची हलत नाही, कधी मागंही जाते. कंपनी बदलली तर ही तारीख जात नाही. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर जुन्या कंपनीनं तो मागं घेतला तरी तारीख तुमची राहते. म्हणून आय-१४० च्या मंजुरीच्या कागदाची प्रत मागून घ्या. काही कंपन्या देत नाहीत. तेव्हा निदान पावतीचा नंबर तरी लिहून घ्या.

आता पोरीचं गणित. ती २०२९ च्या १० जूनला एकवीस वर्षांची होईल. तोवर नंबर लागला नाही तर ती या अर्जातून बाहेर पडेल, याला तिथं एजिंग आउट म्हणतात. मात्र एक सवलत आहे. आय-१४० सरकारकडे जितके दिवस पडून होता, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. भावाचा आय-१४० दाखल झाला १ फेब्रुवारी २०१५ ला आणि मंजूर झाला १ सप्टेंबर २०१५ ला. मधले दिवस २१२. म्हणजे खरं वय एकवीस झाल्यावरही आणखी २१२ दिवस, २०३० च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ती कागदावर एकवीसच्या आतच. तेवढ्यात नंबर लागला आणि लागल्यापासून एक वर्षाच्या आत तिनं अर्ज केला, तर ती वाचली. यात गंमत अशी की जादा फी भरून आय-१४० पंधरा कामकाजाच्या दिवसांत मंजूर करून घेणाऱ्यांना वजाबाकीला दिवसच उरत नाहीत. घाईला कारणं असतात, पण घरात बारा-तेरा वर्षांचं मूल असेल तर वकिलाशी हा प्रश्न आधी बोलून घ्या. आणखी एक: बुलेटिनमध्ये तारखांचे दोन तक्ते असतात, आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून वयाच्या या हिशेबासाठी फायनल अ‍ॅक्शनचा, म्हणजे उशिराचा, तक्ता धरतात. जुन्या व्हिडिओंवर अवलंबून राहू नका.

ही सवलत ग्रीन कार्डाच्या अर्जापुरती आहे, एच-४ ला ती लागू नाही, आणि इथंच बहुतेक घरं चुकतात. वयातून दिवस वजा होवोत न होवोत, १० जून २०२९ ला तिचा एच-४ संपणार. त्याआधी तिला विद्यार्थ्याचा व्हिसा, एफ-१, घ्यावा लागेल. अमेरिकेतच राहून प्रकार बदलण्याचा अर्ज आय-५३९ या फॉर्मवर होतो. त्याला काही महिने लागू शकतात, म्हणून भावाच्या कागदावर तिच्या नावासमोर पहिली तारीख २०२८ चा ऑगस्ट अशी आहे. दोन वर्षांची असताना आलेली मुलगी, एडिसनच्या शाळेत वाढलेली, विसाव्या वर्षी परदेशी विद्यार्थी होणार. वहिनीला हे सांगायला मीच गेलो होतो. ती बराच वेळ भांडी घासत राहिली.

परमनंट रेसिडेंट: परमनंट काय आहे ते

ग्रीन कार्ड मिळालं की कायम रहिवासी. इतर देशांतले आपले लोक त्याला पीआर म्हणतात, इथं कुणी म्हणत नाही. कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असते. ती कार्डाची, तुमच्या दर्जाची नाही. कार्ड संपलं तर नवं मागायचं. दर्जा मात्र दुसऱ्याच कारणानं जातो: तुम्ही इथं राहत नाही असं सरकारला वाटलं तर.

मी २०१८ ला नागरिक झालो आणि आईसाठी आय-१३० भरला. २०१९ ला तिला ग्रीन कार्ड मिळालं. आई पुण्याची. तिचं वर्ष असं: गणपतीला पुणे, दिवाळीला पुणे, संक्रांतीला भिशी, आणि एप्रिल ते जुलै आमच्याकडे. दर फेरी सहा महिन्यांच्या वर पुण्यात. तिसऱ्या वेळी न्यूअर्क विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, "तुम्ही राहता कुठे?" आई प्रामाणिकपणे म्हणाली, "पुण्यात. इथं मुलाकडे येते." त्यानं तिला अर्धा तास बसवलं आणि समजावून सोडलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. जी इथं पाहुणी म्हणून येते तिला पाहुण्यांचा व्हिसा हवा.

बाहेर सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात की प्रश्न येऊ शकतात, आणि एक वर्षाच्या वर गेलात तर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही. जास्त काळ भारतात राहायचं असेल, आजारपण, शेतीचा वाद, काहीही, तर निघण्याआधी आय-१३१ फॉर्मवर रीएंट्री परमिट मागायचं. अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, बोटांचे ठसेही इथंच. ते दोन वर्षांपर्यंत मिळतं. भारतात पोचल्यावर आठवलं तर उशीर झाला.

दुसरी गोष्ट कराची. ग्रीन कार्डवाल्याचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेला दाखवावं लागतं. आईची पेन्शन, पोस्टातली मासिक योजना, एफडीचं व्याज, सगळं. शिवाय भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर वेगळी माहिती द्यावी लागते. तिला एफबार म्हणतात. पुण्यात एक एफडी आणि एक बचत खातं असलेली कुठलीही निवृत्त शिक्षिका ही मर्यादा सहज ओलांडते. पहिल्या दोन वर्षांत आम्हाला हे माहीत नव्हतं.

शेवटी आईनं ठरवलं की ती पुणेकर आहे. आय-४०७ भरून कार्ड परत केलं आणि बी-२ घेतला. आता ती राजरोस पाहुणी म्हणून येते. तुमच्या आई-बाबांना ग्रीन कार्ड द्यायचं की नाही हे ठरवताना त्यांना एकच विचारा: वर्षातले बारापैकी सात महिने तुम्ही कुठं असणार? उत्तर भारत असेल तर बी-२ पुरेसा आहे. मात्र विमानतळावर कुणी आय-४०७ पुढं केला आणि मन तयार नसेल, तर तिथं सही करायची सक्ती नाही. इमिग्रेशन न्यायाधीशापुढं बाजू मांडायचा हक्क आहे. वयस्क माणसं घाबरून सही करतात, म्हणून घरून निघतानाच हे सांगून ठेवा.

नॅचरलायझेशन: दिवस मोजण्याचं काम

जन्मानं नसलेला माणूस नागरिक होतो ती प्रक्रिया म्हणजे नॅचरलायझेशन. फॉर्म एन-४००. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं व्हावी लागतात. नागरिक असलेल्या जोडीदारासोबत संसार चालू असेल तर तीन. पाच वर्षं पुरी व्हायच्या नव्वद दिवस आधी अर्ज करता येतो, एक दिवसही आधी नाही. कार्डावर "रेसिडेंट सिन्स" अशी तारीख असते, तिथून मोजायचं. आमची १४ ऑगस्ट २०१२. पाच वर्षं १४ ऑगस्ट २०१७ ला. नव्वद दिवस मागं गेलं की १६ मे २०१७. १५ मे ला टाकला असता तर बाद झाला असता, फीसकट.

मग दोन वेगळ्या अटी आहेत आणि लोक त्या एक समजतात. एक म्हणजे पाच वर्षांतले निदान अर्धे, म्हणजे ९१३ दिवस, प्रत्यक्ष अमेरिकेत. निघायचा आणि यायचा दिवस अमेरिकेत धरतात, त्यामुळे हे बहुतेकांचं सहज भरतं. दुसरी म्हणजे राहण्यात खंड नको. एकच फेरी सहा महिन्यांपेक्षा जास्त झाली तर खंड पडला असं धरतात आणि तो पडला नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं. माझ्या बायकोच्या वडिलांचं सांगलीत बायपास झालं तेव्हा ती सात महिने तिकडे होती. तिनं घराचा करार, मुलांच्या शाळेची पत्रं, अमेरिकेतली करविवरणं आणि बिनपगारी रजेचं कंपनीचं पत्र दिलं. मुलाखतीत पंधरा मिनिटं त्यावरच गेली, आणि पुढं सरकलं. कुणाला किती दिवस बाहेर होतात हे आठवत नसेल तर आय-९४ च्या त्याच संकेतस्थळावर प्रवासाची यादी मिळते, पण ती अपुरी असते. पासपोर्टवरचे भारतातले शिक्के शेजारी ठेवून तपासा.

मुलाखतीत इंग्रजी आणि नागरिकशास्त्र. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतून वीस विचारतात, बारा बरोबर लागतात. ते आपल्या लोकांना अवघड जात नाही. अवघड जातं ते नाव. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, बायकांचं जन्मदाखल्यात एक आणि लग्नानंतर बदललेलं दुसरंच. इथं नाव बदलायचं असेल तर शपथविधीबरोबर ते करता येतं, पण पुढं भारतातल्या मालमत्तेच्या प्रत्येक कागदाशी ते जुळवत बसावं लागेल. आम्ही बदललं नाही.

शपथ घेतली त्या क्षणी भारताचं नागरिकत्व संपतं. कुणी काढून घेत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानं ते आपोआप जातं. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. क्रम असा: शपथ, अमेरिकन पासपोर्ट, भारतीय पासपोर्ट जमा करून त्याचा दाखला, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड. मधल्या काही महिन्यांत घरी काही घडलं तर अमेरिकन पासपोर्टवर भारताचा ई-व्हिसा काढून जाता येतं.

ओसीआयला लोक दुहेरी नागरिकत्व म्हणतात, तसं ते नाही. मत देता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. विकत घेण्याची मनाई अनिवासी भारतीयालाही आहे, पण नागरिक झालेल्याला ती कायमची. वारसानं आलेली ठेवता येते. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागू शकतं. पण वडिलांनी हयातीत बक्षीसपत्र करून दिलेली शेतजमीन घेता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका काकांनी मुलाला सोपं जावं म्हणून तेच करायला घेतलं होतं. तलाठ्याकडे जाण्याच्या आदल्या रात्री मुलानं फोनवर सहज उल्लेख केला, आणि मग काकांनी मृत्युपत्र केलं.

कागदावरची शेवटची ओळ मुलांची. आई किंवा बाप शपथ घेईल त्या दिवशी मूल अठरा वर्षांखालचं, ग्रीन कार्डवालं आणि त्यांच्यासोबत राहणारं असेल तर तेही त्याच दिवशी आपोआप नागरिक होतं. वेगळी शपथ नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षातच येत नाही की त्याचाही भारतीय पासपोर्ट आता जमा करायचा आहे. आमच्या धाकट्याचा ड्रॉवरमध्ये तसाच पडून होता, ओसीआयचा अर्ज परत आला तेव्हा सापडला.